कॅरिअर रिस्कचे 1,040 रुपये घेतलेत, आता साड्यांचे 52,000 द्या

नागपूर, 2 फेब्रुवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक, दावे विभाग,
कुरिअर कंपनीचे मुख्य कार्यालय
(या जाहीर प्रतीत कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. स्पीड पोस्टाने तुमच्याकडे निघालेल्या प्रतीत नाव आणि डॉकेट नंबर दोन्ही आहेत.)

विषय: 3 नोव्हेंबर 2025 रोजी नागपुरात बुक केलेलं, जोखीम शुल्क भरलेलं आणि पुण्याला न पोचलेलं पार्सल, भरपाईची मागणी व पुरावे.

महोदय,

सहा करवतकाठी साड्यांचं एक खोकं मी वर्धा रोडवरच्या तुमच्या शाखेत दिलं, त्याला आज 91 दिवस झाले. ते पुण्याला पोचलं नाही आणि नागपूरला परतही आलं नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या विभागाचा मेल आला. वर लिहिलं होतं की क्लेम मंजूर झाला आहे, म्हणून चष्मा लावून खालचं वाचलं. मंजूर रक्कम 4,200 रुपये. सोबत सही करून पाठवायचा कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरात ‘फुल अँड फायनल’. त्या कागदावर मी सही केलेली नाही, करणारही नाही.

हे पत्र जाहीर करण्याचं कारण सांगते. डिसेंबरात तुमच्या काउंटरवर चौकशीला उभी होते, तेव्हा मागच्या गृहस्थांनी विचारलं, “इन्शुरन्स केला होता ना जी तुम्ही? मग?” त्या ‘मग’चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देता येतं. पार्सलचा ‘इन्शुरन्स’ करून निर्धास्त झालेल्या बाकीच्यांनाही ते ठाऊक असावं.

आधी खोक्यात काय होतं ते. मी घरूनच साड्या विकते. दुकान नाही, नोकर नाही, वर्षाकाठी शे-सव्वाशे साड्या जातात. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचे एक विणकर माझ्यासाठी कोशाच्या साड्या विणतात. करवतकाठी म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेली साडी. हे दाते छापलेले नसतात की शिवलेले नसतात. अंगाचा धागा वेगळ्या धोट्याने जातो, दोन्ही काठांचे वेगळ्या धोट्यांनी, आणि जिथे अंग आणि काठ भेटतात तिथे प्रत्येक ओळीला विणकर हाताने एका धाग्यात दुसरा अडकवतो. म्हणून या साडीला तीन धोटे लागतात आणि घाई चालत नाही. पुण्याच्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नातल्या आहेरासाठी सहा साड्या सांगितल्या होत्या. चार 8,000 च्या, दोन 10,000 च्या, एकूण 52,000. लग्न 23 नोव्हेंबरला होतं. तुळशीचं लग्न आटोपल्यावर लगेच, 3 नोव्हेंबरच्या सोमवारी, मी पार्सल बुक केलं. पाच दिवसांत पोचेल असं पावतीवर होतं, हाताशी पंधरा दिवस राखीव. एवढी सावध मी सहसा नसते.

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “मॅडम, ओनर्स रिस्क की कॅरिअर्स रिस्क?” मी त्याला फरक विचारला. तो म्हणाला, “ओनर्समध्ये काही झालं तर तुमचं तुम्ही पाहाचं. कॅरिअर्समध्ये आम्ही देतो. पण दोन टक्के लागतात जी.” तुमच्या धंद्यातला इतका गुंतागुंतीचा भाग यापेक्षा सोप्या मराठीत मी अजून कुठे ऐकला नाही, त्या मुलाचे आभार. ओनर्स रिस्क म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या जोखमीवर. ज्या व्यापाऱ्याने स्वतःचा ट्रान्झिट विमा काढलेला असतो तो हे निवडतो. माल हरवला तर तुम्ही त्याला फक्त घटनेचा दाखला देता आणि तो आपल्या विमा कंपनीकडे जातो. कॅरिअर्स रिस्क म्हणजे जोखीम वाहतूकदाराच्या डोक्यावर, आणि त्यासाठी जाहीर किमतीवर वेगळं शुल्क. लोक ज्याला सरसकट ‘इन्शुरन्स केला’ म्हणतात ते बहुतेक वेळा या दोनपैकी एका चौकटीतलं बरोबरचं चिन्ह असतं. कोणत्या चौकटीत, एवढाच प्रश्न असतो. माझ्या पावतीवर ते ‘CARRIER’S RISK’ या चौकटीत आहे. बाजूला जाहीर किंमत 52,000, खाली माझी सही, त्याखाली तुमच्या शाखेचा शिक्का.

त्या पावतीचा हिशेब सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. भाडं 420 रुपये. जोखीम शुल्क 52,000 च्या दोन टक्के म्हणजे 1,040 रुपये. दोन्ही मिळून 1,460, त्यावर 18 टक्के जीएसटी 262 रुपये 80 पैसे, एकूण 1,722 रुपये 80 पैसे. त्याने 1,723 घेतले, मी यूपीआयने दिले. म्हणजे पार्सल नेण्याचे जितके पैसे तुम्ही घेतलेत, त्याच्या जवळजवळ अडीचपट पैसे ते हरवलं तर भरून देण्याचे घेतलेत.

आता तुमचे 4,200. मेलमध्ये ही रक्कम कुठून आली हे लिहिलेलं नव्हतं, फक्त ‘as per applicable rules’. भाडं 420 आणि रक्कम 4,200, म्हटल्यावर कॅल्क्युलेटरही लागला नाही. रस्ते वाहतूक अधिनियम 2007 आणि त्याखालचे 2011 चे नियम असं सांगतात की वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. या कायद्यात ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत कुरिअर एजन्सीचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे आणि माझं बुकिंग सरफेसचं, म्हणजे रस्त्याने होतं. तेव्हा हाच कायदा लागू, यात आपलं दोघांचं एकमत आहे.

पण तुम्ही कलम 10 अर्धंच वाचलंत. दहापटीची मर्यादा त्या ग्राहकासाठी आहे ज्याने जास्त जोखमीचा दर देणं कबूल केलेलं नाही. पाठवणाऱ्याने तो जास्तीचा दर देण्याचं स्पष्टपणे मान्य केलं असेल तर ही मर्यादा लागत नाही, असं त्याच कलमात आहे. पुढचं कलम 11 तर म्हणतं की वाहतूकदार जास्त जोखमीसाठी स्वतः ठरवलेला दर घेऊ शकतो आणि मग त्याची जबाबदारी ग्राहकाशी जसं ठरलं तशी राहील. दर तुम्ही ठरवलात, दोन टक्के. मी तो दिला. दोन टक्के घेतलेल्या पार्सललाही दहापटच मिळणार असेल, तर हे 1,040 रुपये नेमके कशाचे घेतलेत, एवढं एका ओळीत कळवा. तीन महिन्यांत हा प्रश्न मी चारदा लेखी विचारला आणि चारही वेळा उत्तर आलं, ‘We regret the inconvenience’.

याच कलम 11 मध्ये आणखी एक गोष्ट सापडली. जास्त जोखमीचा दर घ्यायचा तर त्या दराची सूचना धंद्याच्या जागी लावावी लागते, इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत. तुमच्या शाखेतल्या भिंतीचा फोटो मी जोडला आहे. तिथे गणपतीचं कॅलेंडर आहे, ‘उधार मागून लाजवू नये’ आहे आणि इंग्रजीतला एक छोटा कागद आहे: ‘All goods booked at owner’s risk’. दोन टक्क्यांचा दर कुठल्याच भाषेत नाही. हा फोटो पैसे परत मागण्यासाठी जोडलेला नाही. उद्या तुम्ही त्याच भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून “आमच्याकडे सगळंच ओनर्स रिस्क असतं” म्हणालात, तर पावतीवर काय लिहिलंय आणि भिंतीवर काय, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहता यावं म्हणून जोडला आहे.

तुमच्या कायदेशीर विभागातल्या एका साहेबांनी फोनवर मला सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा भारती निटिंग कंपनीचा निकाल सांगितला. कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याची सही असेल तर त्यावरची भरपाईची मर्यादा त्याला बांधील असते, असा. साहेब बरोबर बोलत होते. निकाल तसाच आहे, आणि तो कुरिअरवर दावा लावणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावा असा आहे, कारण पावतीच्या मागचा बारीक मजकूर न वाचता केलेली सही पुढे फार महाग पडते. पण त्या निकालाचा गाभा असा की जे लिहून ठरलं ते दोघांनाही पाळावं लागतं. माझ्या सहीच्या वर कॅरिअर्स रिस्क आणि 52,000 लिहिलेलं आहे. सही मला बांधते, तसा शिक्का तुम्हाला बांधतो.

आता पार्सल कुठे हरवलं याकडे येते. हे मी शोधायला नको होतं, पण तुमच्या ट्रॅकिंगमध्येच सगळं होतं. कुरिअरचं लहान पार्सल एकटं प्रवास करत नाही. शाखेतून ते हबला जातं, तिथे एकाच शहराची अनेक पार्सलं एका बॅगेत भरतात, बॅगेला नंबराचं सील लावतात आणि बॅगेतल्या पार्सलांची यादी म्हणजे मॅनिफेस्ट करतात. वाटेत स्कॅन होते ती बॅग, पार्सल नाही. पार्सलचा स्कॅन पुन्हा होतो तो पलीकडच्या हबला बॅग फोडल्यावर. म्हणून ट्रॅकिंगवर ‘पुण्याला पोचलं’ दिसतं तेव्हा खरं तर बॅग पोचलेली असते.

माझ्या पार्सलच्या पानावर चार ओळी आहेत. 3 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:40, शाखेत बुक. त्याच रात्री 11:25, नागपूर हबला बॅगेत. 5 नोव्हेंबर, सकाळी 7:10, बॅग पुणे हबला पोचली. आणि 5 नोव्हेंबरलाच 8:02 ला चौथी ओळ: `SHORT ON DEBAG`. म्हणजे बॅग फोडली, मॅनिफेस्टशी ताडली आणि एक नग कमी निघाला. ही नोंद तुमच्याच माणसाने केली आहे. पोचायच्या ठरलेल्या दिवसाच्या आधीच तुम्हाला माहीत होतं की खोकं गायब आहे. तरी 6 तारखेपासून 19 तारखेपर्यंत मी रोज फोन करत होते आणि रोज उत्तर होतं, “ट्रान्झिटमध्ये आहे, येऊन जाईन.” वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात `IN TRANSIT` तसंच होतं, चौथी ओळ दिसायची ती ‘more details’ दाबलं तर. माझ्या पुतण्याने 12 नोव्हेंबरला ते दाबलं.

त्या दिवशीच मी पुण्याला फोन केला असता तर त्यांना दुसऱ्या साड्या घ्यायला अकरा दिवस मिळाले असते. मी केला नाही. मला वाटलं सापडेल. ती चूक माझी. पण 5 तारखेला सकाळी 8:02 ला तुम्ही एक एसएमएस केला असता, तर ती चूक करायची वेळच माझ्यावर आली नसती.

नागपूर हबला बॅगेचं सील कोणत्या नंबराचं होतं आणि पुणे हबला ती फोडताना कोणत्या नंबराचं होतं, या दोन आकड्यांत सगळं उत्तर आहे. दोन्ही सारखे असतील तर खोकं बॅगेत गेलंच नाही, मॅनिफेस्टवर फक्त नाव चढलं. म्हणजे चूक नागपुरात. वेगळे असतील तर बॅग वाटेत कुणीतरी उघडली. म्हणजे ती चोरी आहे आणि तुम्ही पोलिसांत जायला हवं होतं. ही माहिती मी 20 नोव्हेंबरपासून मागते आहे. ती ‘अंतर्गत’ आहे असं कळवण्यात आलं. असेलही. कायद्याला माझ्याकडून ती नकोच आहे: कलम 17 नुसार दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी मनाई एवढ्या कारणांखेरीज माल न पोचल्याची जबाबदारी वाहतूकदाराचीच. 3 आणि 5 नोव्हेंबरच्या मध्ये नागपूर आणि पुण्याच्या दरम्यान यातलं काही घडलं असेल तर तसं लेखी द्या.

दावा दाखल केल्यावर तुम्ही एकेक करून तीन हरकती काढल्यात. त्यांनाही उत्तर देते.

पहिली, जीएसटीचं बिल आणि ई-वे बिल नाही. माझी वर्षाची विक्री 40 लाखांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे जीएसटी नोंदणी मला लागत नाही आणि मी जीएसटी लावूही शकत नाही. माझं बिल साधं आहे, पण क्रमांकाचं आहे आणि वहीत आहे. ई-वे बिल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला लागत नाही. हे बुकिंगच्या वेळी तुमच्या त्याच काउंटरवरच्या मुलानेच मला सांगितलं होतं. दावे विभागाने एकदा त्याच्याशी बोलून घ्यावं.

दुसरी, खोक्यात खरंच साड्या होत्या हे आम्हाला माहीत नाही, पावतीवर ‘said to contain’, म्हणजे पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे, असं लिहिलेलं आहे. ही हरकत मात्र मला रास्त वाटली, कारण खोकं तुम्ही उघडून पाहिलं नव्हतं. म्हणून याचं उत्तर पुराव्यानेच देते. साड्या भरताना मी फोटो काढते, ती सवय आहे. प्रत्येक साडीची घडी, पदराजवळचं हातमागाचं लेबल आणि त्यावरचा नंबर असे सहा फोटो आहेत. मग सहाही साड्या घरच्या काट्यावर: 3 किलो 410 ग्रॅम. मग बबल रॅप, प्लास्टिक, दोन थरांचं खोकं, टेप लावून पुन्हा काट्यावर: 4 किलो 230 ग्रॅम. आणि तुमच्या पावतीवर तुमच्या काट्याचं वजन आहे 4.230. घरच्या काट्याचा आणि तुमच्या काट्याचा ग्रॅमवर मेळ बसेल असं मलाही वाटलं नव्हतं. विटा भरून पाठवल्या असत्या तर त्या एवढ्या खोक्यात एवढ्या हलक्या बसल्या नसत्या.

तिसरी हरकत, विमा कंपनीकडून अजून मंजुरी आलेली नाही. इथे मला थोडं थांबावं लागतं, कारण याच मुद्द्यावर बहुतेक लोक खचतात. तुम्ही विमा कंपनी नाही. 1,040 रुपये घेऊन तुम्ही कुठल्या तरी विमा कंपनीच्या तुमच्या ट्रान्झिट पॉलिसीत माझं पार्सल घातलं असेल, किंवा घातलंच नसेल आणि पैसे स्वतःकडे ठेवले असतील. मला पॉलिसी नंबर मिळालेला नाही, विमा कंपनीचं नावही सांगितलेलं नाही. त्या विमा कंपनीशी माझा कसलाही करार नाही. करार तुमचा आहे. माझा करार तुमच्या पावतीवर तुमच्याशी आहे. तिकडून पैसे कधी येतात ही तुमच्या वसुलीची बाब झाली. माझे पैसे दिल्यावर विमा कंपनीला माझे हक्क सोपवणारं पत्र लागेल तर मी आनंदाने सही करून देईन. पण ते पूर्ण रक्कम हातात पडल्यावर. 4,200 च्या कागदावर केलेली सही म्हणजे उरलेले 47,800 मी सोडले, असा तिचा अर्थ होतो, म्हणून तो कागद अजून कोराच आहे.

आता पुराव्यांची यादी. मूळ कागद माझ्याकडे आहेत, सोबत स्वसाक्षांकित प्रती.

जोडपत्र 1 बुकिंगची पावती, दोन्ही बाजू. मागची बाजू अक्षरं बारीक असल्याने मोठी करून. जोडपत्र 2 त्या पैशांच्या यूपीआय व्यवहाराची बँकेची नोंद. जोडपत्र 3 माझं बिल आणि बिलबुकातल्या आधीच्या व नंतरच्या पानांच्या प्रती, म्हणजे हे बिल मागाहून फाडलेलं नाही हे दिसावं. जोडपत्र 4 विणकरांच्या हातची पावती आणि त्यांना बँकेतून दिलेले पैसे. त्यांना मी पूर्ण दिले आहेत, कारण त्यांचं काम 2 नोव्हेंबरलाच पुरं झालं होतं. जोडपत्र 5 साड्यांचे सहा आणि वजनाचे दोन फोटो. जोडपत्र 6 भिंतीचा फोटो, ज्याबद्दल वर लिहिलं.

जोडपत्र 7 ट्रॅकिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट, चौथ्या ओळीसकट, तारीख आणि वेळ दिसेल असे. ही पानं काही महिन्यांनी साइटवरून निघून जातात, म्हणून हे वाचणाऱ्यांनी आपल्या पार्सलचे स्क्रीनशॉट तक्रारीच्या पहिल्याच दिवशी काढावेत. छापलेला स्क्रीनशॉट पुढे पुरावा म्हणून चालावा यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तेही करून जोडलं आहे.

जोडपत्र 8 तुमच्याशी झालेला मेलचा सगळा व्यवहार. पहिली लेखी तक्रार 12 नोव्हेंबरची, म्हणजे बुकिंगपासून नवव्या दिवसाची. फोनवर झालेल्या बोलण्याची मी यादी जोडलेली नाही. फोन लावल्याचं कॉल लॉग सांगतो, पलीकडून काय सांगितलं ते सांगत नाही. म्हणून प्रत्येक फोननंतर मी दोन ओळींचा मेल टाकत गेले आणि तोच इथे कामी आला.

जोडपत्र 9 पुण्याच्या कुटुंबाचं सहीचं पत्र, की माल मिळाला नाही आणि त्यांचा या मालावर काही दावा नाही. शेवटचं जोडपत्र 10 माझ्या खात्याचा उतारा: त्यांनी आगाऊ दिलेले 20,000 रुपये मी 21 नोव्हेंबरला परत केले. पोचलेल्या मालाचे पैसे कुणी परत करत नाही. खरं सांगायचं तर या दहा कागदांत मला सगळ्यात जड हाच गेला. लग्नाला दोन दिवस राहिले होते. पुण्याच्या त्या घरच्या ताई फोनवर एवढंच म्हणाल्या, “असू द्या, तुमचा काय दोष.”

त्या लग्नात साड्या नव्हत्या याची किंमत मी मागत नाही. माझं एक गिऱ्हाईक गेलं, त्याचीही नाही. तुमच्याकडून मला इतकंच हवं आहे.

साड्यांचे 52,000 रुपये, पावतीवरच्या जाहीर किमतीप्रमाणे. भाड्याचे 420 आणि त्यावरचा जीएसटी 75 रुपये 60 पैसे, कारण माल नेण्याचं काम झालेलं नाही. जोखीम शुल्काचे 1,040 मी परत मागत नाही. ते ज्यासाठी घेतलेत ते दिलंत की त्यांचा हिशेब मिटला. एकूण 52,495 रुपये 60 पैसे आणि त्यावर 12 नोव्हेंबर 2025 च्या पहिल्या लेखी तक्रारीपासून पैसे जमा होईपर्यंत वर्षाला 9 टक्के व्याज.

पार्सल न पोचल्याचं लेखी प्रमाणपत्र, डॉकेट नंबरासह. बॅगेच्या सीलचे दोन्ही नंबर आणि त्या बॅगेचं मॅनिफेस्ट. चोरी असेल तर पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत. दिली नसेल तर का नाही, ते. माझ्या जोखीम शुल्कातून विमा घेतला असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर.

आणि वर्धा रोडच्या शाखेत जास्त जोखमीच्या दराचा फलक, मराठीत. ही एवढी मागणी माझ्यासाठी नाही.

हे पत्र रस्ते वाहतूक अधिनियमाच्या कलम 16 खालची नोटीसही समजावी. बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस लागते; माझी मुदत 2 मे 2026 ला संपते, तेव्हा पावतीच्या मागच्या बाजूची ‘30 दिवसांत क्लेम’ ही अट मला दाखवू नये. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी स्वतःच्या उपजीविकेसाठी एकटीने हा धंदा करते, त्यामुळे ‘हे व्यापारी आहेत, ग्राहक नाहीत’ ही हरकत 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात टिकत नाही. तुमचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रार मी राहते तिथे करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील परवडेल न परवडेल, कागद माझे मला वाचता येतात.

उत्तर ईमेलवर चालेल. कागद पाठवायचे असतील तर पोस्टाने पाठवा.

आपली,
करवतकाठी साड्यांची विक्रेती,
नागपूर

प्रत: वर्धा रोड शाखा, काउंटरवर समक्ष देऊन पोच घेतली.